सर्पदंशावरची एक इंग्रजी पोस्ट मराठीत आणताना

माझी एक मैत्रीण पालघर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. पावसाळ्याच्या तोंडावर तिने सर्पदंशाविषयी इंग्रजीत एक पोस्ट लिहिली. साप चावल्यावर काय करावे, काय करू नये आणि का, एवढाच तिचा विषय होता. परंतु ती वाचताना माहितीपत्रक वाचल्यासारखे वाटत नव्हते. एखादी अनुभवी, शांत स्वभावाची बाई घाबरलेल्या घरात येते, आवाज न चढवता एकेक गोष्ट सांगते आणि मध्येच एखादे हलके वाक्य बोलून घरच्यांचा ताण उतरवते, तसा त्या लेखनाचा स्वर होता. तिच्या भागातल्या आशाताईंना आणि शाळांतल्या शिक्षकांना वाचता यावी म्हणून ती मराठीत करून द्यायचे काम माझ्याकडे आले. ते करताना कोणते निर्णय घ्यावे लागले आणि कशाच्या आधारावर घेतले, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

असे काम हाती घेतले की मी प्रथम मूळ मजकुराचा शब्दाला शब्द ठेवून एक खर्डा मुद्दाम तयार करते. तो कोणाला दाखवायचा नसतो. मूळ लेखनातील एकही गोष्ट नजरेतून सुटू नये, एवढाच त्याचा उपयोग. त्या खर्ड्याशेजारी मी प्रत्येक वाक्याचे काम लिहून ठेवते: हे वाक्य धीर देते, हे सावध करते, हे कारण सांगते, हे हसवते. मराठी मजकूर लिहिताना माझ्यासमोर इंग्रजी वाक्ये नसतात. ही कामांची यादी असते. मजकूर पूर्ण झाला की पुन्हा शब्दशः खर्डा काढून माहिती पडताळते. दोन्ही टप्पे वेगळे ठेवले नाहीत, तर इंग्रजी वाक्याची रचना नकळत मराठीत उतरते आणि ती नंतर काढून टाकणे फार कठीण जाते, असा माझा अनुभव आहे.

पोस्टचा आरंभ दोन अगदी लहान वाक्यांनी होता. शब्दशः खर्ड्यात ती अशी आली: ‘साप निघून गेला आहे. तुम्हीदेखील तसेच केले पाहिजे.’ अर्थ पूर्ण आला, पण त्या बाईंचा आवाज नाहीसा झाला. इंग्रजीतले दुसरे वाक्य पहिल्याच्या क्रियापदावर तोलून धरलेले होते. क्रियापद पुन्हा न उच्चारता त्याचा उल्लेख करण्याची सोय इंग्रजीत आहे. मराठीत तसे करायला गेले की ‘तसेच केले पाहिजे’ असे सरकारी परिपत्रकातले वाक्य तयार होते. मराठीत क्रियापद पुन्हा घेण्यात काहीच वावगे नसते. उलट पुनरुक्तीमुळेच बोलण्याला ठसका येतो. म्हणून मी लिहिले: ‘साप निघून गेला. आता तुम्हीही निघा.’ ‘आहे’ गाळल्यामुळे घटना घडून संपली हे कळते, आणि ‘आता’ या शब्दाने वाचणाऱ्याच्या हातात पुढची कृती येते. पुढे संपूर्ण मजकुराचा स्वर मी या दोन वाक्यांवरून ठरवत गेले.

त्यानंतरचा प्रश्न बोलणारी आणि ऐकणारा यांच्या नात्याचा होता. इंग्रजीत वाचकाला संबोधण्यासाठी एकच सर्वनाम पुरते. मराठीत लिहिताना मात्र पहिल्याच आज्ञार्थाला निर्णय करावा लागतो. ‘बांधू नये’ असे लिहिले, तर तो भिंतीवरच्या फलकाचा आवाज होतो. ‘बांधू नका’ म्हटले, की कोणीतरी समोर उभे राहून बोलत असते. ‘आपण बांधू नये’ यात आदर असला, तरी अंतरही येते. शिवाय ‘आपण’ म्हणजे ऐकणारा एकटा की बोलणाऱ्यासकट सगळे, हा संदिग्धपणा ऐन घाईच्या वेळी नको. मी ‘तुम्ही’ आणि ‘नका’ निवडले आणि शेवटपर्यंत पाळले. सूचनांच्या मराठी मजकुरात एका वाक्यात ‘करा’, दुसऱ्यात ‘करावे’ आणि तिसऱ्यात ‘करण्यात यावे’ असे फार आढळते. माहिती तीच राहते, पण तीन वेगवेगळी माणसे बोलत असल्यासारखे वाटते आणि धीर देणारा आवाज त्यात हरवतो.

याच निर्णयाला जोडून लेखनाच्या रूपाचा निर्णय आला. मी हे निवेदन लिहिते आहे ते ‘केले’, ‘झाले’, ‘सांगितले’ अशा लेखी रूपांत. मैत्रिणीच्या इंग्रजीत मात्र बोलताना जशी रूपे जोडून आखूड होतात तशी ती सर्वत्र होती. ती एक उघड खूण होती: हे बोलणे आहे, हे निवेदन नाही. मराठीत या खुणेला नेमका जोड मिळतो तो ‘केलं’, ‘झालं’, ‘सांगितलं’ या रूपांचा. त्यामुळे पोस्टचा मराठी मजकूर मी अनुस्वाराच्या रूपांत लिहिला. हा बदल क्षुल्लक वाटतो, परंतु एकच परिच्छेद दोन्ही रूपांत मोठ्याने वाचून पाहिला, तर स्वर कुठे बदलतो ते कानाला लगेच कळते.

या कामातले सर्वांत नाजूक वाक्य प्रथमोपचाराचे होते. साप चावलेल्या माणसाने जितकी हालचाल करावी, तितके विष शरीरात लवकर पसरायला मदत होते. म्हणून त्याला शांत ठेवायचे, चावलेला हात किंवा पाय लाकडाची पट्टी लावून, हाड मोडल्यावर करतात तसा आधार देऊन स्थिर ठेवायचा आणि त्याच अवस्थेत रुग्णालयात न्यायचे, ही वैद्यकीय सूचना आहे. इंग्रजीत हे तीन-चार शब्दांच्या एका वाक्यात होते. शब्दशः खर्ड्यात ते ‘रुग्णाला हलवू नका’ असे आले. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. मराठीत रुग्णाला ‘हलवणे’ म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे. ‘प्रकृती बिघडल्याने त्यांना मुंबईला हलवले’ असे आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. म्हणजे ही सूचना वाचून एखाद्या कुटुंबाने माणसाला घरीच झोपवून ठेवले, तर त्यांनी वाक्याचा अर्थ बरोबरच लावला, असे म्हणावे लागेल. ज्या पोस्टचा सगळा भर लवकर निघण्यावर होता, तिच्यातले हे वाक्य नेमके उलट सांगू लागले असते.

‘स्थिर ठेवा’ हा शब्दप्रयोगही मी बाजूला ठेवला. ‘रुग्णाची प्रकृती स्थिर आहे’ या रुग्णालयीन वाक्यामुळे तो शब्द आता निराळ्या अर्थाने लोकांच्या कानांत बसला आहे. शेवटी मी एका वाक्याची पाच वाक्ये केली: ‘चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. लाकडाची पट्टी किंवा जाड पुठ्ठा लावून तो सैलसर बांधा. माणसाला चालवत नेऊ नका. उचलून गाडीत झोपवा. आणि वाट न पाहता निघा.’ मूळ वाक्याचा आखूडपणा गेला, हे खरे. पण त्याचा ठामपणा मी लहान वाक्यांच्या ओळीतून टिकवला. मूळ लेखनातल्या वाक्यांची संख्या जपण्यापेक्षा वाचताना श्वास कुठे थांबतो, ते जपणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

इथे आणखी एक खुलासा करावा लागला. ‘सैलसर बांधा’ हे पट्टीच्या आधाराविषयी आहे, आणि त्याच्या पुढच्याच ओळीत मूळ पोस्टमध्ये दोरीने आवळून बांधण्याची मनाई आहे. इंग्रजीत या दोन कृतींना दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे गोंधळ होत नाही. मराठीत दोन्हींसाठी ‘बांधणे’ हेच क्रियापद. आवळपट्टी असा शब्द पुस्तकात आहे, पण तो गावात कोणी वापरत नाही. तेव्हा फरक क्रियाविशेषणावर सोपवला: ‘चावलेल्या जागेच्या वर दोरी, फडकं, तार असं काहीही करकचून बांधू नका. रक्त अडतं आणि हात किंवा पाय कायमचा गमवावा लागू शकतो.’ ‘सैलसर’ आणि ‘करकचून’ हे दोन शब्द एकमेकांसमोर उभे राहिले की ऐकणाऱ्याला कृती डोळ्यांपुढे दिसते. ‘घट्ट’ या शब्दाने ते काम झाले नसते, कारण पट्टी घट्ट असावी, निसटू नये, असेही आपण म्हणतो.

स्वराच्या दृष्टीने सर्वांत अवघड परिच्छेद मण्यार या सापाचा होता. मूळ इंग्रजीत ते एकच लांब वाक्य होते आणि ते मुद्दाम लांब केलेले होते. मण्यार रात्री हिंडतो, घरात शिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश फारसा दुखत नाही, खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे पोटदुखी सुरू होते. नंतर पापण्या मिटू लागतात, गिळता येईनासे होते, बोलणे अडखळते आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच काम थांबवतात. विष हळूहळू चढत जाते, तसे ते वाक्यही हळूहळू पुढे सरकत होते. शब्दशः खर्ड्यात त्याचा आरंभ असा झाला: ‘मण्यार, जो रात्री घरांमध्ये प्रवेश करतो आणि जमिनीवर झोपलेल्या लोकांना चावतो, अनेकदा कोणतीही खूण मागे सोडत नाही, आणि त्याचा बळी पहाटे पोटदुखीसह जागा होतो, जिला त्याचे कुटुंब अपचन समजते, जोपर्यंत त्याच्या पापण्या खाली पडू लागत नाहीत.’

या वाक्यात मराठी नसलेल्या गोष्टी एकामागून एक दाखवता येतील. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये स्वल्पविरामांत घातलेले ‘जो’चे पोटवाक्य हे पहिले. मराठीत ‘जो’ आला की पाठोपाठ ‘तो’ यावा लागतो. तो आला नाही की वाचणारा त्याची वाट पाहत राहतो आणि वाक्याचा धागा सुटतो. ‘पोटदुखीसह जागा होतो’ यात पोटदुखी ही जणू बरोबर आणलेली वस्तू झाली. सगळ्यात त्रासदायक म्हणजे शेवटचे ‘जोपर्यंत… नाहीत’. इंग्रजीत ती रचना सहज येते, पण मराठी वाचकाला तो नकार मनात उलटून अर्थ काढावा लागतो, आणि तोपर्यंत त्या वाक्यातली भीती निघून गेलेली असते.

मी त्या वाक्याचे काम आठवले: उशीर कसा होतो, ते न ओरडता दाखवणे. मग लिहिले: ‘मण्यार हा रात्री फिरणारा साप. तो घरात शिरतो आणि जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्या माणसाला चावतो. चावलं हे त्या माणसाला पुष्कळदा कळतही नाही. फारसं दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे तो उठतो तो पोट धरूनच. घरचे म्हणतात, रात्रीचं काही बाधलं असेल. थोडा वेळ जातो. मग त्याच्या पापण्या जड होऊन मिटायला लागतात, तेव्हा कुठे घरच्यांच्या मनात शंका येते.’ इंग्रजीतल्या त्या रचनेचा भार ‘तेव्हा कुठे’ या दोन शब्दांनी पूर्ण पेलला. इतकेच नव्हे, तर झालेल्या उशिराबद्दलची हळहळही त्यात आपोआप आली, आणि ती मूळ लेखनात होतीच. घरच्यांचा समज मी त्यांच्याच तोंडी घातला, कारण ‘असे समजतात’ या निवेदनापेक्षा ‘काही बाधलं असेल’ हे वाक्य प्रत्येक घरात बोलले गेलेले असते.

याच ठिकाणी मी एक शब्द लिहून पुन्हा काढला. ‘ओवा देतात’ असे वाक्य माझ्या हातून सहज उतरले होते आणि ते चित्राला फार शोभत होते. मूळ लेखनात ओवा नव्हता. स्थानिक रंग भरण्याचा अधिकार मी थोडासा घेते, पण इथे तो तपशील वैद्यकीय मजकुरात येत होता. धावत्या वाचनात एखाद्याला तो उपाय वाटला, तर जबाबदारी माझी असती. मैत्रिणीलाही तसेच वाटले. याउलट, दागिने काढण्याच्या सूचनेत मी भर घातली ती ठेवली. सूज येते म्हणून अंगठी, घड्याळ आणि घट्ट असेल ते सर्व काढा, असे तिने लिहिले होते. मी ‘अंगठी, घड्याळ, बांगड्या, जोडवी, पैंजण, मनगटातला किंवा पायातला दोरा’ असे लिहिले. पायाला दंश होण्याचे प्रमाण मोठे आहे आणि जोडवी सुजेत रुतली तर काढणे कठीण होते. मूळ सूचनेत हे सगळे अभिप्रेतच होते. लेखकाच्या मनात असलेले आणि वाचकाच्या घरात असलेले उघड करणे, एवढी भर मला रास्त वाटते.

आता विनोदाविषयी. पोस्टच्या मध्यावर गावातल्या झाडफुंक करणाऱ्या माणसाचा उल्लेख होता. मैत्रिणीने त्याच्याविषयी एकही कडवट शब्द वापरला नव्हता. तो जवळ राहतो, रात्री दार उघडतो, पैसे मागत नाही, म्हणून लोक आधी त्याच्याकडे जातात, हे तिने समजुतीने लिहिले होते. शब्दशः खर्ड्यात तो ‘पारंपरिक उपचारक’ झाला. अशा नावाचा माणूस कोणत्याही पाड्यावर राहत नाही. पालघरच्या पाड्यांवर तो ‘भगत’ आहे, देशावर काही भागांत ‘देवऋषी’, आणि ‘मांत्रिक’ सगळीकडे. मी ‘भगत’ घेतला. या जागी मराठी लिहिणाऱ्याच्या हातून ‘अंधश्रद्धा’, ‘भोंदू’, ‘बळी पडू नका’ असे शब्द सवयीने येतात. त्यातला एक जरी आला असता, तरी ज्या कुटुंबाने कालच भगताला बोलावले होते, त्याने पुढचे वाचणे सोडून दिले असते. मूळ लेखनाचा समजूतदारपणा हा त्याच्या माहितीइतकाच महत्त्वाचा भाग होता.

त्यानंतर तिचे ते गमतीचे वाक्य येत होते. माझ्या मराठीत ते असे झाले: ‘भगताकडे गेलेली बहुतेक माणसं बरी होतात. त्यानं मंत्राऐवजी एसटीचं वेळापत्रक वाचून दाखवलं असतं, तरी ती बरी झालीच असती. कारण चावलेला साप एक तर बिनविषारी असतो, नाही तर विषारी सापानं विष सोडलेलंच नसतं. पण ज्याच्या अंगात विष गेलं आहे, त्याला ना मंत्र उपयोगी पडत, ना वेळापत्रक.’ इंग्रजीत बसचे वेळापत्रक होते. एसटी म्हटल्यावर ते इथले झाले, आणि मूळ वस्तू बदलावी लागली नाही. खरे काम ‘झालीच’मधल्या ‘च’ने केले. तो गाळून वाक्य वाचले, तर विधान तेवढेच उरते आणि गंमत जाते. इंग्रजीत आवाजाच्या चढउताराने जे साधते, ते मराठीत ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘मात्र’ असल्या लहान अव्ययांवर आणि ‘बांधून टाकतात’, ‘वेळ घालवून बसतात’ अशा जोडक्रियापदांवर उभे असते. शब्दशः भाषांतरात नेमकी हीच गळतात, कारण त्यांच्यासमोर मूळ मजकुरात कोणताच शब्द लिहिलेला नसतो. हा विनोद ठेवावा की नाही, याचा मी बराच विचार केला. तो भगतावर नाही, मंत्राने गुण येतो या समजुतीवर आहे, आणि लगेचच खरे कारण सांगितलेले आहे, म्हणून ठेवला.

आकड्यांचा प्रश्न तुलनेने सोपा होता. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, हा अभ्यासकांचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पोस्टमध्ये तो दशलक्षांत होता. लाखांत आणल्यावरही तो कोरडाच राहिला, तेव्हा तिने इंग्रजीत दिलेल्या लहान शहराच्या तुलनेवरून मी लिहिले: ‘दरवर्षी तालुक्याचं एक गाव रिकामं व्हावं, एवढी माणसं.’ आधीच्या एका अभ्यासानुसार यातले सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू आरोग्यकेंद्राबाहेर होतात. तिथे ‘मृत्युमुखी पडतात’ हे वर्तमानपत्री क्रियापद मला नको होते आणि ‘मरतात’ हे घरातल्या दुःखाच्या फार जवळ जाऊन टोचणारे होते. ‘चौघांतले तिघं दवाखान्याबाहेरच जातात’ असे मी लिहिले. तिचे मूळ क्रियापद साधेसुधे होते, आणि ‘जाणे’ हे आपल्याकडे त्याहून साधे आणि मायेचे आहे.

औषधाच्या नावाने मात्र अडवले. सापाच्या विषावरचे औषध हे घोड्यांना थोडे थोडे विष टोचून, त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून बनवतात. मुंबईतल्या हाफकिनचे नाव त्यासाठी महाराष्ट्रात पूर्वीपासून माहीत आहे. मराठीत त्याला सर्रास ‘सापाची लस’ म्हणतात. हा शब्द लोकांच्या तोंडी इतका बसलेला आहे की तो वापरावा, असे एकदा वाटले. परंतु लस म्हणजे रोग होण्याआधी घेऊन ठेवायची वस्तू, हा अर्थही आता घरोघरी पोहोचलेला आहे, आणि ‘लस आधीच घेऊन ठेवता येईल का’ असा प्रश्न मैत्रिणीला रुग्णांकडून आलेला होता. ‘प्रतिविष’ शास्त्रशुद्ध आहे, पण ऐकल्यावर कळत नाही. म्हणून पहिल्यांदा ‘सापाच्या विषावरचं औषध, ज्याला काही लोक लस म्हणतात’ असे लिहिले आणि पुढे सर्वत्र ‘विषावरचं औषध’ ठेवले. रुग्णालयातल्या माणसांशी बोलताना उपयोगी पडावे म्हणून ‘एएसव्ही’ हे तिथले रोजचे नाव एकदा दिले.

पोस्टच्या शेवटच्या भागात तिचा स्वर बदलत होता. रक्त साकळते की नाही, हे पाहण्याची साधी तपासणी तिने तिथे सांगितली होती: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करून पाहायची. रक्त पातळच राहिले असेल, तर घोणस किंवा फुरसे यांच्यासारख्या सापाचे विष अंगात असल्याचा संशय बळावतो. हा भाग परिचारिकांसाठी होता आणि इंग्रजीतही तो कोरडा, नेमका होता. पूर्ण मजकुराला एकच सूर लावण्याच्या नादात इथेही गोडवा आणला असता, तर ती मूळ लेखनाशी प्रतारणा झाली असती. मी इथे लहान, विशेषणरहित वाक्ये ठेवली आणि नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही, ही सूचना वेगळ्या वाक्यात दिली, कारण मूळ वाक्यात ती मधल्या एका विशेषणात दडलेली होती.

मजकूर तयार झाल्यावर मी तो एका आशाताईंना मोठ्याने वाचून दाखवला. ‘कसे वाटले’ असे मी विचारत नाही, कारण उत्तर नेहमी ‘छान आहे’ असे येते. मी कागद बाजूला ठेवते आणि ऐकलेले आपल्या शब्दांत सांगायला सांगते. ताईंनी मण्यारची गोष्ट आणि एसटीचे वेळापत्रक जसेच्या तसे सांगितले, काय बांधायचे आणि काय नाही, हेही अचूक सांगितले. मात्र ‘लगेच दवाखान्यात न्या’ याचे त्यांच्या सांगण्यात ‘नाक्यावरच्या डॉक्टरांकडे न्यायचं’ असे झाले. त्यांच्या भागात दवाखाना म्हणजे खासगी डॉक्टरची खोली, आणि सरकारी असेल तर ते ‘सरकारी हॉस्पिटल’. खासगी खोलीत विषावरचे औषध बहुधा नसते. तिथे एक इंजेक्शन, तिथून पुढे पाठवणे, यात तास जातो. हा दोष ऐकल्याशिवाय मला दिसला नसता. त्या वाक्याच्या जागी आता असे आहे: ‘१०८ ला फोन करा आणि सरकारी हॉस्पिटलात न्या. विषावरचं औषध जवळ कुठे आहे, हे पावसाळ्याआधीच आशाताईंना विचारून ठेवा.’ चौघांतल्या तिघांच्या वाक्यातही मग ‘दवाखान्याबाहेर’च्या जागी ‘हॉस्पिटलबाहेर’ घातले.

ताईंनी आणखी एक गोष्ट सुचवली. ‘ताई, जुनी माणसं रात्री सापाचं नाव घेत नाहीत. पान लागलं म्हणतात, नाही तर जनावर चावलं म्हणतात. फोनवर तसंच सांगतील, तर पलीकडच्या माणसाला कळलं पाहिजे.’ पोस्ट मूळ इंग्रजीत असल्यामुळे हा मुद्दा तिच्यात येण्याचा संभवच नव्हता. मैत्रिणीला विचारून मी एक वाक्य जोडले: ‘फोनवर सांगताना साप चावला असं स्पष्ट सांगा.’ ‘पान लागलं’ हा प्रयोग मजकुरात आणायचा मोह झाला होता, कारण तो फार सुंदर आहे. पण डॉक्टर स्वतः रुग्णाशी बोलताना तो वापरत नाही, आणि पोस्ट तिच्या आवाजात होती.

शेवटी मराठी मजकूर मैत्रिणीकडे गेला. तिने तो घरी आईला वाचून दाखवला आणि दोन गोष्टी कळवल्या. ‘शंका येते’ याच्या आधी मी ‘मनात’ घातले आहे ते राहू दे, पण सुरुवातीला ‘घाबरू नका’ असे मी जिथे लिहिले आहे, तिथे ते काढ, असे तिने सांगितले. ‘मी कोणालाच घाबरू नका म्हणत नाही, ग. माणूस घाबरणारच. मी त्याला काम देते.’ तिचे म्हणणे मूळ पोस्टला धरून होते. तिथे धीर देणारे वाक्य होते ते ‘तुमच्याकडे वेळ आहे’ अशा अर्थाचे. ते मी आता असे ठेवले आहे: ‘वेळ आहे. फार नाही, पण आत्ता निघालात तर पुरेल.’

मजकूर प्रमाण मराठीत आहे आणि तिथल्या अनेक पाड्यांवर घरात वारली बोलली जाते, ही या कामाची उघड मर्यादा आहे. वारलीत लिहिण्याइतकी ती भाषा मला येत नाही. आशाताई वाचून झाल्यावर वारलीत सांगतात. त्यामुळे अखेरच्या फेरीत मी प्रत्येक सूचनेचे वाक्य असे केले की त्यात एकच कृती असावी आणि वाक्यांचा क्रम हाच कृतींचा क्रम असावा. सांगताना शब्द बदलले, तरी आधी काय आणि नंतर काय, हे बदलू नये म्हणून.